अजून न बांधलेल्या इमारतीची सावली

आमच्या गच्चीवर सोलर बसवायचं ठरलं तेव्हा कंपनीचा माणूस येऊन मोजमाप घेऊन गेला. त्याच्या अहवालात ‘सावली’ या रकान्यापुढे एकच शब्द होता : नाही. आणि ते खरंच होतं. आमचं घर दोन मजली, दक्षिणेला शेजारच्या काकूंचं कौलारू बैठं घर, त्यापलीकडे आकाश. अडचण एवढीच होती की तो रकाना आजचा होता आणि पॅनेलची वॉरंटी २५ वर्षांची. पुण्यात कौलारू घर अजून २५ वर्षं टिकेल यावर पैज लावायला मी तयार नव्हते. पैसे आईबाबांच्या निवृत्तीनंतरच्या साठ्यातले होते.

बाबांना काळजी होती ती झाडाची. आग्नेयेला रस्त्याकडेला सिल्व्हर ओकचं रोप लावलंय, ते उंच होतं हे त्यांना माहीत होतं. मला काळजी होती कौलांची. कोणाची काळजी खरी, हे ठरवायला सूर्य नेमका कुठे असतो ते आधी बघावं लागलं.

पुणे साधारण साडेअठरा अक्षांशावर आहे. मेच्या मध्यात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, जूनमध्ये तर थोडा उत्तरेकडे झुकतो. तेव्हा दक्षिणेच्या इमारतीची दुपारची सावली आपल्यावर पडतच नाही. खरी परीक्षा २१ डिसेंबरच्या आसपास. त्या दिवशी मध्यान्हीलाही सूर्य क्षितिजापासून ४८ अंशच वर येतो. आणि आपल्याकडे पावसाळ्यात ढग असतात, हिवाळ्यात आकाश स्वच्छ. म्हणजे सावली पडते ती नेमकी चांगल्या उन्हाच्या महिन्यांत. अजून एक बारीकशी गोष्ट : पुण्यात घड्याळाचे बारा वाजतात तेव्हा सूर्याचे वाजलेले नसतात. डिसेंबरात खरी मध्यान्ह साडेबाराच्या जरा पुढे होते. त्यामुळे दिवसाच्या मधले सहा कामाचे तास म्हणजे साधारण साडेनऊ ते साडेतीन.

आता मोजमाप. न बांधलेल्या इमारतीकडे मोबाइल रोखून कोन मोजता येत नाही, तिची उंची आधी ठरवावी लागते. ती मनाने ठरवायची गरज नाही. किती बांधता येईल हे बरंचसं समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून असतं, म्हणून त्याच रुंदीच्या रस्त्यावर अलीकडे उभी राहिलेली इमारत हा सगळ्यात चांगला नमुना. विकास आराखड्यात रस्ता रुंद होणार असेल, तर त्या हिशेबाने आणखी वर जायचं. आमच्याच गल्लीत दोन नव्या इमारती होत्या : खाली पार्किंग, वर सात मजले. दर मजल्याला ३ मीटर धरले तर २४ मीटर, आणि गच्चीचा कठडा धरून २५.

आमची पॅनेलं उंच स्ट्रक्चरवर, जमिनीपासून १२.५ मीटरवर येणार होती. म्हणजे शेजारची इमारत पॅनेलच्या वर १२.५ मीटर. सावलीच्या हिशेबात हाच आकडा चालतो, इमारतीची पूर्ण उंची नाही. आमच्या गच्चीच्या दक्षिण कडेपासून सामाईक भिंत ६ मीटरवर आहे. नवी इमारत भिंतीपासून निदान ३ मीटर आत असेल असं धरलं. उंची वाढली की हे अंतर वाढवावं लागतं, म्हणून ३ हा सावध अंदाज. एकूण ९ मीटर.

आता दोन गुणाकार. २१ डिसेंबरला मध्यान्ही पुण्यात सावली उंचीच्या ०.९ पट पडते. १२.५ मीटरची ११.२५. म्हणजे गच्चीच्या कडेपासून सव्वादोन मीटरपर्यंत भर दुपारी सावली. सकाळी साडेनऊला सूर्य २९ अंशांवर असतो, सावली उंचीच्या १.७८ पट लांब होते. पण ती तिरकी पडते, त्यामुळे रुंद इमारतीच्या सावलीची उत्तरेकडची पोहोच १.१९ पटच मोजायची. १२.५ गुणिले १.१९ म्हणजे जवळजवळ १५ मीटर. त्यातून ९ वजा केले की उरतात ६.

हाच तो आकडा, ज्यासाठी सगळा खटाटोप. कंपनीच्या नकाशात सहाही पॅनेलं दक्षिण कडेला होती, कारण तिथून केबल खाली न्यायला सोपी. काकूंच्या जागी इमारत आली असती, तर दक्षिण कडेवर नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत भर दुपारीही ऊन आलं नसतं. पॅनेलं ६ मीटर उत्तरेला सरकवली की तेच ऊन पुढेही मिळणार. गच्ची दक्षिणोत्तर १४ मीटर आहे. उरलेल्या ८ मीटरमध्ये तीन किलोवॅटची सहा पॅनेलं आरामात बसतात. खर्च वाढला तो थोड्या जास्तीच्या केबलचा.

इमारतीवरची लिफ्टची खोली आणि पाण्याची टाकी यात धरलेली नाही. त्यांची सावली लांब पण अरुंद असते, पॅनेलवरून सरकत जाते. अर्थात पॅनेलं एका साखळीत जोडलेली असतात, एकावर सावली आली तरी साखळीला फटका बसतो. त्याच्या आतले बायपास डायोड बाकीच्यांना बऱ्यापैकी वाचवतात. अशी अरुंद सावली काही वेळ सोसता येते. तीन महिन्यांची भिंत नाही.

आणि बाबांचं झाड? ते पॅनेलच्या जागेपासून आग्नेयेला १४ मीटरवर आहे. हिवाळ्यात सकाळी साडेनऊला सूर्य जवळपास त्याच दिशेला असतो, म्हणून इथे पूर्ण १.७८ पट धरायचं. झाड १५ मीटर झालं तर पॅनेलच्या वर अडीच मीटर, सावली साडेचार मीटर. २० मीटर झालं तरी सावली १३.४ मीटर, थोडक्यात वाचलो. त्याहून वाढलं तर सकाळचा थोडा वेळ जाईल, मग रीतसर परवानगी घेऊन फांद्या छाटता येतील. मजले छाटता येत नाहीत. आपल्या उन्हावर कायद्याचा हक्क सांगावा, तर १८८२च्या ईझमेंट कायद्यात प्रकाशाचा हक्क मिळायला अखंड २० वर्षांचा उपभोग लागतो. कालच्या पॅनेलला तो कुठून मिळणार?

या सगळ्या हिशेबात एक गोष्ट मला जड गेली. कागदावर सात मजले चढवायचे, तर आधी काकूंचं घर पुसावं लागतं. त्या घराच्या ओट्यावर मी पाढे पाठ केलेत. तरी त्यांना विचारल्याशिवाय राहवेना. म्हटलं, “काकू, घराचं पुढे काही ठरलंय का? आम्ही सोलर बसवतोय म्हणून विचारते.”

त्या हसल्या. “मुलं म्हणतात बिल्डरला दे. मी आहे तोवर नाही देणार.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “पण तू मी नाही असं धरूनच कर गं हिशेब. तुझ्या बाबांचे पैसे आहेत.”

हिशेब तसाच केला होता, हे मी त्यांना सांगितलं नाही. गच्चीचा दक्षिणेकडचा ६ मीटरचा पट्टा आता मोकळा आहे. हिवाळ्यात तिथे काकूंच्या सांडग्यांचं प्लास्टिक पसरलेलं असतं, कारण त्यांच्या उतरत्या कौलांवर काही वाळत घालता येत नाही.