वेगवान म्हणजे कुठून कुठपर्यंत?

दूध संकलन केंद्रासाठी आमची मंडळी नवा प्रोग्राम लिहिणार होती. त्याच्या आवश्यकतांचा मसुदा माझ्या हातात पडला, तेव्हा त्यात खटकण्यासारखं मला काहीच दिसलं नाही. ‘दुधाची नोंद वेगाने व्हावी. प्रोग्राम वापरायला सोपा असावा. वीज गेली तरी तो भरवशाचा असावा.’ यावर कोण काय आक्षेप घेणार? मी टेस्टिंगला नवीन, रिव्ह्यू म्हणजे शुद्धलेखन तपासायचं असेल अशा समजुतीने बसलेली. आमच्या सीनियर मॅडमनी तिन्ही वाक्यांखाली पेन्सिलीने रेघा ओढल्या आणि मला विचारलं, “हे झालं नाही, असं तू कधी म्हणशील?”

मला प्रश्नच कळला नाही. वेगाने झालं नाही म्हणजे हळू झालं, हे उत्तर तोंडापर्यंत आलं होतं, पण ते उत्तर नाही एवढं कळत होतं.

मग त्यांनी तोच प्रश्न टेबलाभोवती फिरवला. प्रोग्रामर म्हणाला, “पावती दोन सेकंदांत निघाली की झालं.” शिरूर तालुक्यातल्या एका केंद्राचे सचिव आले होते, ते म्हणाले, “ते सेकंदाचं तुमचं तुम्ही बघा. आठच्या आत रांग मोडली पाहिजे. गाडी थांबत नाही.” मसुद्यातल्या त्या एका वाक्यावर दोघांनीही आधी मान डोलावली होती. दोघांच्या मनातलं घड्याळ मात्र वेगवेगळ्या ठिकाणी सुरू होत होतं.

आयएसओ/आयईसी/आयईईई २९१४८ हे आवश्यकता कशा लिहाव्यात याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. २०१८ च्या आवृत्तीत टाळायच्या शब्दांचे प्रकार सांगितलेत. ‘सर्वोत्तम’सारखी टोकाची विशेषणं, ‘वापरायला सोपा’सारखे ज्याच्या-त्याच्या मतावर अवलंबून असलेले शब्द, ‘शक्य असल्यास’सारख्या पळवाटा. ती यादी वाचून मला आधी बरं वाटलं. आता शब्द शोधायचे आणि त्यांच्या जागी आकडे भरायचे, एवढंच तर काम! मॅडमनी तेही करू दिलं नाही. “दोन सेकंद हा आकडा आला कुठून?” प्रोग्रामरकडे उत्तर नव्हतं, त्याला तो बरा वाटला होता, इतकंच. आधी आज किती वेळ लागतो ते बघून या, असं ठरलं.

सचिवांचं ते केंद्र न्हावऱ्याच्या बाजूला. सकाळच्या संकलनाला साधारण १२० उत्पादक, बहुतेकांचं दूध थोडं-थोडं, किटलीतलं. मी मोबाईलचं स्टॉपवॉच घेऊन कोपऱ्यात उभी राहिले आणि पहिली अडचण तिथेच आली: बटण दाबायचं कधी? माणूस रांगेत लागतो तेव्हा, कोड नंबर सांगतो तेव्हा, की दूध ओततो तेव्हा? शेवटी सगळेच टप्पे वेगळे लिहीत गेले. कोड टाकायला ५ सेकंद. दूध ओतून वजन स्थिर व्हायला १५. नमुना मिल्कोटेस्टरला लावून फॅट-एसएनएफ दिसेपर्यंत ४५. दर लागून पावती हातात पडायला आणि माणूस बाजूला व्हायला १०. थोडं मागेपुढे होई, पण सगळे मिळून ७५ सेकंद. १२० माणसांचे ९,००० सेकंद, म्हणजे अडीच तास. साडेपाचला सुरू केलं तरी आठ वाजून जाणारच.

बसून गुणाकार केला तेव्हा मी चक्रावले. पावतीचा वेळ ३ सेकंदांनी कमी केला, तर सगळ्या रांगेत मिळून वाचतात ६ मिनिटं. प्रोग्रामर ज्याला वेग म्हणत होता तो पुरता मिळाला असता, आणि सचिवांची रांग जिथल्या तिथे राहिली असती. खरा वेळ खात होतं ते मशीन, आणि मशीन काही आम्ही बनवत नव्हतो.

पण ती ४५ सेकंदं वजनकाटा रिकामा असतो. जुन्या प्रोग्राममध्ये पहिल्याचं फॅट आल्याशिवाय दुसऱ्याचा कोड टाकताच येत नव्हता. ऑपरेटर काकांना विचारलं तर म्हणाले, “मिशिन चालू असतंय तवर मी हात बांधून बसतो.” ती ४५ सेकंदं चालू असताना पुढच्याचं वजन घेता आलं आणि मागच्याची पावती देता आली, तर दर माणसामागे फक्त मशीनचाच वेळ मोजायचा: १२० गुणिले ४५, म्हणजे दीड तास. पूर्ण तासाची बचत, आणि त्यासाठी एकही गोष्ट ‘वेगवान’ करावी लागत नाही. ‘वेगाने व्हावी’ या शब्दांच्या पोटात एक अख्खी सोय दडलेली होती आणि मसुद्यात तिचा उल्लेखही नव्हता.

पुढच्या बैठकीत ते वाक्य असं झालं: ‘एका उत्पादकाच्या नमुन्याची तपासणी चालू असताना ऑपरेटरला पुढच्या उत्पादकाचा कोड आणि वजन नोंदवता आलं पाहिजे.’ हे करून बघता येतं. होतं किंवा होत नाही.

मॅडम लगेच म्हणाल्या, “आणि मधल्याचा नमुना फुटला तर?” क्षणभर सगळे गप्प. तीन जणांची वजनं घेऊन ठेवली, दुसऱ्याची बाटली सांडली आणि मशीनने तिसऱ्याचं फॅट दिलं, तर ते दुसऱ्याच्या नावावर चढेल. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला धरून ठरतो, त्याच्या खाली-वर गेलं की दर बदलतो. म्हणजे एकाचा पगार दुसऱ्याच्या खात्यात. वेग मागताना ही जोखीम आम्हीच ओढवून घेत होतो. तेव्हा त्याला जोडून दुसरी ओळ आली: तीन नोंदी रांगेत ठेवून मधली रद्द केली, तर पुढचा निकाल तिसऱ्याच उत्पादकाला लागला पाहिजे, आणि तो स्वीकारण्याआधी कोड व नाव स्क्रीनवर दिसलं पाहिजे. मी लिहिलेली पहिली टेस्ट केस ती हीच.

पावतीच्या दोन सेकंदांवरही चर्चा झाली. मी ‘सरासरी २ सेकंद’ असं सुचवलं होतं. मॅडमनी कागदावर मांडून दाखवलं: १०० पावत्यांपैकी ९५ एका सेकंदात निघाल्या आणि ५ ना २१ सेकंद लागले, तरी सरासरी बरोबर २ येते. टेस्ट पास, आणि ते पाच जण खिडकीशी ताटकळत. त्या ५ नोंदी काही काल्पनिक नव्हत्या. नेट गेलं की जुना प्रोग्राम सर्व्हरला हाका मारत थांबायचा, तेव्हाची ती खोळंबलेली पावती. म्हणून ओळ अशी झाली: निकाल संगणकात पोचल्यापासून पावती छापायला सुरुवात होईपर्यंत १०० पैकी ९५ नोंदींत २ सेकंदांपेक्षा जास्त नको, आणि कुठल्याही नोंदीत ५ पेक्षा जास्त नको. हे मोजायचं केंद्रावरच्याच जुन्या संगणकावर, वर्षभराच्या नोंदी भरलेल्या असताना, एकदा नेट चालू ठेवून आणि एकदा तार उपटून. प्रोग्रामरच्या लॅपटॉपवर दहा नावं टाकून मोजलेलं धरायचं नाही.

टॉम गिल्ब या अभियंत्याची एक रीत मॅडम वापरतात. प्रत्येक गुणधर्माला मोजपट्टी कोणती आणि मोजायचं कसं, हे वेगवेगळं लिहायचं, मग आजची पातळी, किमान चालेल अशी पातळी आणि हवी असलेली पातळी. मला हे पाल्हाळ वाटलं होतं. पण ‘आजची पातळी’ हा रकाना भरायला गेल्यामुळेच तर काटा रिकामा असल्याचं कळलं.

‘वापरायला सोपा’ने मात्र मला जास्त छळलं. न्हावऱ्याहून केडगावकडे गेलं की दौंड तालुक्यातलं आमचं दुसरं केंद्र. तिथे ऑपरेटर बाहेरगावी गेले की त्यांच्या घरच्या वहिनी काम बघतात. त्यांना विचारलं, “प्रोग्राम सोपा वाटतो का?” त्या म्हणाल्या, “वाटतो की.” न्हावऱ्याचे काकाही सोपाच म्हणाले होते, त्यांना तर दहा वर्षांची सवय. मत विचारलं की मतच मिळणार, तेव्हा बघत बसले. वहिनींचे हात सतत ओले. माऊसला हात लावायच्या आधी दर वेळी पदराला पुसायच्या. अंक मात्र एका हाताने खटाखट. त्यावरून निघालेली ओळ मला अजून आवडते: माऊस काढून ठेवून, फक्त अंकांच्या कीपॅडवर सकाळचं पूर्ण संकलन करता आलं पाहिजे. याला स्टॉपवॉचसुद्धा लागत नाही.

नवख्या माणसासाठी वेगळी ओळ लागली, कारण शिकायला सोपं आणि रोज वापरायला सोपं या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या. आम्ही लिहिलं: ज्याने हा प्रोग्राम पाहिलेला नाही पण संकलनाचं काम केलेलं आहे, अशा सहा जणांना २० मिनिटं समजावून द्यायचं. नंतर प्रत्येकाने कुणाला न विचारता ३० नोंदी करायच्या. सहापैकी पाच जणांची एकापेक्षा जास्त चूक पावतीपर्यंत पोचता कामा नये. ‘पावतीपर्यंत’ हा शब्द वहिनींमुळे आला. त्यांनी १२१ ऐवजी ११२ टाकलं, नाव मोठ्याने वाचलं, समोरचा “मी न्हाई तो” म्हणाला आणि त्यांनी दुरुस्त केलं. ही चूक मोजायची का, यावर आमचं अर्धा तास चाललं. मोजायची नाही असं ठरलं, कारण ती पकडली गेली, आणि पकडली गेली ती नाव दिसल्यामुळे. सहा माणसं थोडी आहेत, हे सगळ्यांना मान्य होतं. पण मोठे घोटाळे तेवढ्यात दिसतात, आणि याहून जास्त ऑपरेटर कामावरून कोण सोडणार?

‘वीज गेली तरी भरवशाचा’ हे वाक्य अर्धंच सुटलंय. कोणत्याही क्षणी प्लग खेचला तरी छापलेली प्रत्येक पावती संगणक पुन्हा चालू झाल्यावर नोंदीत सापडली पाहिजे, इथवर एकमत आहे. पण वजन घेतलंय, फॅट आलेलं नाही आणि लाईट गेली, तर त्या नोंदीचं काय? काका म्हणतात वजन राहू द्या, नमुना परत लावतो. सचिव म्हणतात सगळं पहिल्यापासून, नाहीतर भांडणं होतात. मसुद्यात त्या ओळीसमोर सध्या ‘ठरायचे आहे’ लिहिलंय, पुढे ‘निर्णय: दोन्ही केंद्रांचे सचिव’ आणि पुढच्या बैठकीची तारीख. दौंडच्या सचिवांना अजून कुणी विचारलेलंच नाही, ते काम माझ्याकडे आहे.