पावसाचा निर्णय शनिवारी चार वाजता

गतवर्षी सप्टेंबरमध्ये लोणार येथे आमचा क्षमापना स्नेहमेळावा एका स्नेह्याच्या मळ्यात घ्यावयाचे ठरले. नोंदणी 160 जणांची झाली होती. पाऊस आल्यास म्हणून गावातील मंगल कार्यालय बयाणा देऊन राखून ठेवले होते. मात्र मळा की कार्यालय, हे नेमके केव्हा ठरवावयाचे, याचा विचार कोणी केला नव्हता. ‘रविवारी सकाळी आभाळ पाहू’ असेच सर्वांचे मत पडले.

बँकेतील सवयीप्रमाणे मी मुदती उलट्या क्रमाने मांडल्या. कार्यक्रम रविवारी सकाळी 10 वाजता. पुण्याची मंडळी शनिवारी रात्री 9 वाजता निघणार. आचाऱ्याच्या भट्ट्या सूर्योदयानंतर पेटणार असल्या, तरी भांडी व पाणी आदल्या रात्रीच जागेवर हवे. कार्यालयाचे मालक शनिवारी 6 पर्यंत थांबणार आणि मांडववाल्याचा टेम्पो 5 वाजता भरून निघणार. टेम्पो निघाला की भाडे अंगावर पडले. सर्वांत आधीची मुदत तीच. म्हणून निर्णय 4 वाजता.

निकषही आधीच लिहून ठेवला. हवामान विभागाचा अंदाज जिल्ह्यापुरता असतो, आणि त्यातील शब्द नीट वाचावे लागतात. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे जिल्ह्याच्या पाव भागापर्यंत पाऊस, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे निम्म्याहून अधिक भागात. रविवारसाठी ‘बऱ्याच ठिकाणी’ असेल, तर कार्यालय. दुसरी कसोटी जमिनीची. आपली काळी माती एकदा भिजली की उघडीप पडूनही दोन-दोन दिवस वाळत नाही. शनिवारी टाच दाबून खड्डा पडला, तर अंदाज काहीही असो, कार्यालयच. या दुसऱ्या कसोटीस काहींनी नाके मुरडली. मला मात्र तीच अधिक भरवशाची वाटते.

पाहुण्यांना नोंदणीच्या वेळीच कळविले होते, की शनिवारी सायंकाळी 5 पर्यंत जागेचा संदेश येईल, आणि जागा न बदलली तरीही येईल. नाही तर संदेश न येण्याचा अर्थ ‘बदल नाही’ असा घ्यावा की ‘अजून ठरले नाही’ असा, हे पाहुण्यास कसे कळावे?

शुक्रवारी रात्री सर आली. शनिवारी अंदाज ‘तुरळक ठिकाणी’ इतकाच होता, पण मळ्यात टाच रुतली. 4 वाजून 10 मिनिटांनी मांडववाल्यास व आचाऱ्यास दूरध्वनी गेले, मग पाहुण्यांना संदेश, लांबच्यांना आधी. पहिल्याच ओळीत कार्यालयाचे नाव होते आणि शेवटी ‘मिळाले’ एवढे उत्तर मागितले होते. 7 वाजेपर्यंत 11 कुटुंबांचे उत्तर नव्हते. त्यांना आम्ही दोघांनी वाटून दूरध्वनी केले. एका घरी नोंदणी मुलाच्या क्रमांकावर होती आणि येणार होते आई-वडील. त्यांना काहीच ठाऊक नव्हते. एवढे करूनही रविवारी सकाळी मळ्याच्या फाट्यावर एक तरुण उभा केला. त्याने दोन गाड्या वळविल्या.

रविवारी लख्ख ऊन पडले. ‘उगाच हलविलेत’ असे दोघे-तिघे बोलले. दुपारी मळ्यातून सतरंज्या आणावयास गेलेली जीप मात्र ट्रॅक्टर लावून बाहेर काढावी लागली.