दोरीवरचा पिवळा कुर्ता

गेल्या शनिवारी आमचं भांडण झालं. विषय: वॉशिंग मशीन. हसू नका, तुमच्याही घरात मशीन असेलच.

तर झालं असं की, शुक्रवारी रात्री झोपायला जाताना बायको म्हणाली, "मशीन झालं की कपडे वाळत घाल रे." मी "हो" म्हणालो आणि मॅच बघता बघता सोफ्यावरच झोपलो. पावसाळ्यात ओले कपडे रात्रभर बंद ड्रममध्ये राहिले की काय वास सुटतो, ते वेगळं सांगायला नको. त्यातच तिचा पिवळा कुर्ता होता, मैत्रिणीच्या केळवणाला घालायचा म्हणून ठरवलेला.

"सांगितलं होतं ना मी?"

"अगं, एक दिवस राहिलं. एवढं काय त्यात?"

संपलं! कपडे विसरलो ते एक वेळ चाललं असतं, पण "एवढं काय त्यात" नाही. ती फक्त "असू दे" म्हणाली आणि दुसरा ड्रेस घालून निघून गेली. आमच्याकडे "असू दे"चा अर्थ "अजिबात असू देणार नाही" असा होतो.

आता मेसेज करायचा. पहिला टाईप केला: "सॉरी, पण तू उठवायचं होतंस ना." पुसला. "सॉरी"नंतर "पण" आलं की सॉरी वाहून जातं आणि उरतं ते भांडण. मग लिहिलं, "अजून रागावलीयेस का?" तोही पुसला. हा म्हणजे दर पाच मिनिटांनी बिल्डचं स्टेटस बघण्यातला प्रकार, त्याने बिल्ड लवकर होत नाही.

तिसरा विनोदी होता, पण बोट थांबलं. मागच्या वर्षी अशाच एका भांडणानंतर मी तिला "हायकमांडचा पारा उतरला का?" असं पाठवलं होतं. मला वाटलं, काय गोड लिहिलंय. ते प्रकरण मंगळवारपर्यंत चाललं. नंतर ती म्हणाली, "चूक तुझी, आणि विनोद माझ्या रागावर?" मुद्दा बरोबर होता. तिचा राग खरा होता आणि मी त्याचीच नक्कल केली होती.

जॉन गॉटमन नावाचे एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत. नवरा-बायको भांडताना एकमेकांशी कसे बोलतात याचा त्यांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला. तणाव वाढू नये म्हणून केलेल्या अशा छोट्या, कधीकधी वेड्यासारख्या प्रयत्नांना त्यांनी १९९९ सालच्या पुस्तकात 'रिपेअर अटेम्प्ट' म्हटलंय. डोकं तापलेलं असताना मात्र ते समोरच्यापर्यंत पोचत नाहीत. निदान वीस मिनिटं तरी जाऊ द्यावीत, असं ते सांगतात.

मी तासभर घेतला, कारण आधी कपडे परत धुवायचे होते. गरम पाणी, पावडर, मग गॅलरीत दोरी आणि वर पंखा. काम न करता पाठवलेला गोड मेसेज म्हणजे टेस्ट न करता केलेलं रिलीज! मग दोरीवरच्या कुर्त्याचा फोटो काढला आणि लिहिलं:

"'एवढं काय त्यात' हे वाक्य मागे घेतोय. चूक माझी होती. कपडे परत धुतलेत, वास गेलाय, मी स्वतः हुंगून पाहिलंय. पिवळा कुर्ता मात्र दोरीवर उदास लटकतोय. म्हणतो, ती आत असल्याशिवाय मला काही रूप नाही. मी त्याला म्हटलं, माझंही तेच आहे बाबा."

पाठवला आणि फोन उलटा ठेवला. उत्तराची घाई नाही असं स्वतःला बजावलं (चार वेळा सुलटा केला, ते सोडा). पाऊण तासाने टिंग वाजली.

"चिमटे लावलेस का?"

हुश्श! विषय अजून कपड्यांचाच होता, पण सूर बदलला होता. खरोखर चिडलेला माणूस चिमट्यांची चौकशी करत नाही. मी लिहिलं, "लावलेत. एक उरलाय, मला काढलास तरी चालेल."

"तो तुझ्या नाकाला लावणार आहे. रात्री घोरतोस." आणि शेवटी डोळा मारणारा स्मायली.

संध्याकाळी ती आली, थेट गॅलरीत गेली, कुर्ता नाकाशी धरला आणि म्हणाली, "पास." मग चहा पिताना मात्र गंभीरपणे म्हणाली, "विसरलास त्याचं काही नाही. 'एवढं काय' म्हणालास ना, त्याचं वाईट वाटलं होतं." मी "हो" म्हणालो. यावेळी पुढे "पण" नव्हतं.

सगळ्या भांडणांना हा उपाय नाही. एकदा मी तिच्या आईबद्दल काहीतरी बोलून गेलो होतो. तेव्हा कुर्ता, चिमटा काही कामाला आलं नसतं. समोर बसून, खाली मान घालून बोलावं लागलं. गंमत तिथेच चालते, जिथे दोघांनाही मनातून माहीत असतं की हे दोनशे रुपयांच्या पावडरीचं भांडण आहे.

असो. उद्या शनिवार, आणि आत्ताच मशीनची शिट्टी वाजलीय. उठतो.