बैलापुढे सतार

मुलांनो, 'पोटात कावळे ओरडताहेत' हे वाक्य तुम्ही दिवसातून एकदा तरी म्हणत असाल. शाळेतून आल्यावर तर नक्कीच! आता असं समजा, की एका चिनी माणसाला हे वाक्य आपल्या भाषेत न्यायचं आहे. त्याने कावळे तसेच ठेवले, तर वाचणारा घाबरून म्हणेल, "अरे, याला आधी डॉक्टरकडे न्या!" कावळे काढून 'फार भूक लागली आहे' असं लिहिलं, तर अर्थ पोचेल, पण गंमत जाईल. माझं काम नेमकं याच्या उलट दिशेचं आहे. मी चिनी गोष्टी मराठीत आणते, आणि असे कावळे मला पानोपानी भेटतात.

मी मूळची भूमची. आमच्या भागात खव्याच्या भट्ट्या, दुष्काळ आणि बालाघाटाचे उघडे डोंगर. चिनी भाषेशी आमचा काय संबंध? पण शेजारच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले, तिथली भाषा शिकले आणि १९४२ साली तिथेच वारले, ही गोष्ट वडिलांनी मला लहानपणी सांगितली होती. ती डोक्यात बसली. पुढे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात मी चिनी शिकले.

चिनी भाषेत चार अक्षरांच्या म्हणी असतात. त्यांना 'छंग-यु' म्हणतात. चिनी लिपीत एका अक्षराला बहुधा स्वतःचा अर्थ असतो, म्हणून चार अक्षरांत अख्खी गोष्ट मावते. 'हुआ श थ्येन त्सू' घ्या. शब्दशः अर्थ, साप काढून पाय जोडणे. छू नावाच्या राज्यात काही नोकरांना मिळून एक पेला मद्य मिळालं. सगळ्यांना पुरणार नाही, म्हणून पैज लागली. जमिनीवर जो आधी साप काढेल, त्याचा पेला. एकाचा साप झटकन झाला. डाव्या हातात पेला घेऊन तो म्हणाला, "मी तर याला पायही काढू शकतो!" आणि तो पाय काढत बसला. तेवढ्यात दुसऱ्याचा साप पुरा झाला. त्याने पेला हिसकावला. "सापाला कुठे पाय असतात?" म्हणाला आणि पिऊन टाकला.

ही म्हण मी मराठीत 'सापाला पाय काढणे' अशीच ठेवते. मूळ गोष्ट माहीत नसली, तरी सापाचे पाय डोळ्यांपुढे येतात आणि नको ते केलं हे लगेच कळतं.

उलट 'श्युंग यो छंग चू' बघा. शब्दशः अर्थ, छातीत पुरा बांबू आहे. अकराव्या शतकात वन थुंग नावाचा चित्रकार होता. तो बांबूची चित्रं काढी. कुंचला उचलण्याआधीच अख्खा बांबू त्याच्या मनात तयार असे. म्हणून, काम हातात घेण्याआधी ज्याचा बेत पक्का ठरलेला असतो, त्याच्याबद्दल असं म्हणतात. आता 'गवंडीकाकांच्या छातीत बांबू होता' असं मी लिहिलं तर? तुम्ही हसाल, नाहीतर रडाल! तिथे मी सरळ लिहिते, 'घर कसं बांधायचं ते काकांच्या मनात आधीच पक्कं होतं.' शिवाय बोलता बोलता ही म्हण वापरणाऱ्या चिनी माणसाला तरी बांबू कुठे दिसतो? तुम्हाला भूक लागल्यावर कावळे दिसतात का?

इथवर सोपं होतं. पण एका म्हणीने मला पुरते आठ दिवस छळलं.

एका गोष्टीत खेड्यातले म्हातारे गुरुजी शाळेतून घरी येतात. बायको विचारते, "कसा झाला वर्ग?" गुरुजी म्हणतात, "तुई न्यू थान छिन." म्हणजे बैलापुढे छिन वाजवलं. छिन हे सात तारांचं, आडवं ठेवून वाजवायचं वाद्य. मला आनंद झाला. आपल्याकडे तयार म्हणच आहे की! मी लिहिलं, 'गाढवापुढे वाचली गीता.' (इंग्रजीत बरेच जण इथे डुकरांपुढे मोती टाकतात. ते मोती बायबलातले.)

सुटीत भूमला गेले, तेव्हा ती गोष्ट आईला वाचून दाखवली. आई मधेच म्हणाली, "थांब. चीनचा मास्तर गीता कुठली वाचतोय?" मी गप्प. "आणि पोरांना गाढव म्हणणारा मास्तर दुसऱ्या दिवशी त्यांना खळ्यावर नेऊन दाण्यांवर हिशोब शिकवतोय? काहीतरी चुकतंय बघ तुझं."

चुकत होतंच. मी म्हणीचं मूळ शोधलं. ते सापडतं 'मौत्झ' नावाच्या जुन्या ग्रंथात. गोंगमिंग यी नावाच्या वादकाने बैलापुढे उत्तम राग वाजवला. बैल मान खाली घालून चरत राहिला. ग्रंथ म्हणतो, बैलाला ऐकू आलं नाही असं नव्हे, ते त्याच्या कानाला जुळणारं नव्हतं. मग वादकाने डासांची, गोमाशीची गुणगुण वाजवली, चुकलेल्या वासराचं हंबरणं वाजवलं. लगेच बैलाने शेपूट हलवली, कान टवकारले आणि तो ऐकू लागला!

आणि हे सांगण्याचं कारण तर फार मजेचं आहे. त्या ग्रंथात आपल्याकडून गेलेल्या बौद्ध धर्माची बाजू मांडली आहे. कोणीतरी विचारतं, तुम्ही बुद्धाचे ग्रंथ सोडून आमच्याच जुन्या चिनी पुस्तकांतले दाखले का देता? त्यावर उत्तर म्हणून ही बैलाची गोष्ट येते.

आज चिनी लोक ही म्हण दोन्ही अर्थांनी वापरतात. कधी ऐकणारा मठ्ठ, कधी बोलणाऱ्यालाच समोर कोण आहे याचं भान नाही. आपल्या गाढवाच्या म्हणीत मात्र दोष फक्त गाढवाचा. ती वापरून मी त्या भल्या गुरुजींना तुसडं करून टाकलं होतं. ते तर स्वतःलाच बोल लावत होते, म्हणून तर दुसऱ्या दिवशी त्यांनी पुस्तक मिटलं.

म्हणजे इथे बैल हवाच. मी आईला विचारलं, "बैलापुढे वीणा म्हणू?"

"वीणा म्हटलं की डोळ्यांपुढे कीर्तन येतं गं. आणि बैलाला गाणं कळत नाही असं कोण म्हणतं? तुझे आजोबा मोटेवर गायचे, तेव्हा बैल बरोबर पाय टाकायचे. आपली म्हैस रेडकू ओरडलं की पान्हा सोडायची."

"मग सतार?"

आई हसली. "सतार कुठली ऐकतोय तो!"

तळटीप द्यावी का, असंही मनात आलं. पण गुरुजी दमून घरी आलेत, बायको पाण्याचा तांब्या घेऊन उभी आहे आणि वाचणारा पानाच्या तळाशी बारीक अक्षरं वाचतोय, हे काही मला पटेना. सरळ 'माझं शिकवणं मुलांपर्यंत पोचलं नाही' असं लिहूनही पाहिलं. ते खरं होतं, पण पुढच्या खळ्याच्या प्रसंगाशी त्याची गाठ बसेना. शेवटी लिहिलं, "बैलापुढे सतार वाजवली आज मी. चूक बैलाची नव्हे."

यातलं दुसरं वाक्य मूळ चिनी गोष्टीत नाही. ते मी घातलं. पुस्तक छापायला देईपर्यंत मी ते चारदा खोडलं आणि पाचदा लिहिलं. सापाला पाय तर काढत नाही ना मी, अशी धाकधूक होती. आईला विचारलं, तर ती म्हणाली, "राहू दे. आता मास्तर मास्तरासारखा बोलतोय."