डब्याचा भाव आणि किलोचा भाव

लोणारच्या बाजारपेठेतील त्या किराणा दुकानात तेलाचे डबे दाराशीच रचून ठेवलेले असतात. मागील वर्षी लग्नसराईच्या तोंडावर एक जुने गिऱ्हाईक आले. घरात मुलीचे लग्न होते आणि सोयाबीन तेलाचे सहा डबे हवे होते. दुकानाचे वडीलधारे, ज्यांना घरीदारी सारे ‘बाबूजी’ म्हणतात, त्यांनी डब्याचा भाव 2,250 रुपये सांगितला. गिऱ्हाइकाचा चेहरा उतरला. “शेठजी, पलीकडे हाच डबा 2,130 ला मिळतो. आपल्याकडून ही अपेक्षा नव्हती,” एवढे बोलून ते पायरी उतरले.

बाबूजींना पैशाचे दुःख झाले नाही. ‘आपल्याकडून’ हा शब्द मात्र लागला. गल्ल्याशेजारी हिशेबाला बसलेल्या सुनेने तेव्हा एकच प्रश्न विचारला, “बाबूजी, त्यांचा डबा पंधरा किलोचा की पंधरा लिटरचा?”

दोन्ही डबे दुरून जवळपास सारखेच दिसतात आणि दोन्हींवर 15 हाच आकडा असतो. परंतु तेल पाण्यापेक्षा हलके. एक लिटर सोयाबीन तेल साधारण 910 ग्रॅम भरते, म्हणजे पंधरा लिटरच्या डब्यात सुमारे 13 किलो 650 ग्रॅम तेल असते. 2,130 ला 13.65 ने भागले की किलोमागे 156 रुपये पडतात. बाबूजींच्या पंधरा किलोच्या डब्याचा दर 150 रुपये होता. स्वस्त दिसणारा डबा किलोमागे सहा रुपयांनी महाग होता. तेलाची तुलना नेहमी वजनावर करावी, कारण ऊन-थंडीने आकारमान बदलते, वजन बदलत नाही. सोयाबीनचे एक लिटर तेल 21 अंशांवर 919 ग्रॅम भरते, तर 60 अंशांवर 892.6 ग्रॅमच. काही वेष्टनांवर वजनाशेजारी तापमान लिहिलेले असे, त्यातली गोम हीच. 2022 साली केंद्र सरकारने तापमानाचा उल्लेख काढून लिटरबरोबर नेमके वजनही छापण्यास कंपन्यांना सांगितले.

बाबूजींनी गिऱ्हाइकाला निरोप धाडला. पण सून तेवढ्यावर थांबली नाही. तिने दुकानातलेच बाकीचे तेल भागून पाहिले, आणि आता अडचण घरातच निघाली. एक लिटरच्या, 910 ग्रॅमच्या बारा पिशव्यांचे खोके त्या आठवड्यात 1,620 रुपयांना होते. पिशवीला 135, किलोला 148 रुपये 35 पैसे. म्हणजे पंधरा किलोच्या डब्याहूनही कमी! “मोठा घ्या, स्वस्त पडेल,” हे वाक्य बाबूजींनी कित्येक वर्षे किती जणांना सांगितले असेल, याची मोजदाद नव्हती. डब्याच्या किमतीत पत्र्याचीही किंमत असते, हे त्यांना ठाऊक होते. ते भावात कधी धरले नव्हते, इतकेच.

वेष्टनावर एककाचा दर छापण्याचा नियम आहे. किलोहून कमी मालावर ग्रॅमचा दर, अधिक असेल तर किलोचा. द्रव मालासाठी त्याच रीतीने मिलिलिटर आणि लिटर. नेमक्या एक लिटरच्या पिशवीवर तो वेगळा नसला तरी चालतो, कारण छापील किंमत हाच तिथे लिटरचा दर. सोय चांगली आहे, पण तिच्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही. त्याच फळीवर 870 ग्रॅमची 136 रुपयांची आणि 750 ग्रॅमची 123 रुपयांची पिशवी होती. लिटरच्या पिशवीशेजारी ठेवल्या तर फरक चटकन कळू नये, अशी दोन्हींची ठेवण. दोन्हींवर दर एकच: ग्रॅमला 0.16 रुपये. पैशापर्यंत पूर्णांक करताना मधला फरक गिळला जातो. प्रत्यक्षात पहिली किलोला 156 रुपये 32 पैसे पडते, दुसरी 164. शिवाय छापील दर निघतो तो छापील कमाल किमतीवरून. दुकानदाराने सूट दिली की तो आकडा निरुपयोगी होतो, आणि तेलाच्या डब्यावर सूट तर बहुधा असतेच. म्हणून प्रत्यक्ष दिलेले रुपये घ्यावेत, निव्वळ ग्रॅमने भागावेत आणि हजाराने गुणावे.

संध्याकाळी गिऱ्हाईक परत आले. बाबूजींनी दोन्ही डब्यांचा हिशेब कागदावर मांडला आणि मग, सुनेकडे एकदा पाहून, खोक्याचाही मांडला. पंधरा किलोमागे खोक्यात सुमारे पंचवीस रुपये वाचत होते, हे स्वतःच सांगितले. रिकामा डबा भंगारात वीस रुपयांना गेला तरी खोकेच किंचित सरस ठरत होते.

गिऱ्हाइकाने कागद दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि चार खोकी व तीन डबे सांगितले. डबे कशाला, असे सुनेने विचारले, तेव्हा ते हसले. लग्नानंतर ज्वारी भरून ठेवायला घरात डबे लागणारच होते.