पिशवीत काय घेऊन परतणार?

तीन वर्षांपूर्वी मी एका शैक्षणिक परिषदेला गेले होते. शुल्क, प्रवास आणि राहणे मिळून चार हजारांवर गेले. परतताना पिशवीत एक फोल्डर, एक पेन आणि सोनेरी काठाचे प्रमाणपत्र होते. अम्मींनी प्रमाणपत्र हातात घेऊन विचारले, "बेटी, याचं काय करायचं?" मला उत्तर देता आले नाही. ते प्रमाणपत्र अजूनही कपाटात आहे.

गेल्या नोव्हेंबरात आमच्या शिक्षकांच्या गटावर अशाच एका परिषदेचे पत्रक आले. नाव 'आंतरराष्ट्रीय बहुविद्याशाखीय परिषद' आणि शुल्क २५०० रुपये. सोबतच्या बाई म्हणाल्या, "दोघी मिळून जाऊ, पुढे सेवापुस्तकात उपयोग होईल." या वेळी मी आधी वही काढली. शुल्क २५००, प्रवास आणि रिक्षा ९००, एका रात्रीची खोली १२००, म्हणजे एकूण ४६०० रुपये. शिवाय दोन किरकोळ रजा. त्याच महिन्यात मुलीच्या शिकवणीचा हप्ताही भरायचा होता.

मग मिळणार काय, ते पाहिले. आम्हा शिक्षकांना १२ वर्षांनंतर वरिष्ठ आणि २४ वर्षांनंतर निवड वेतनश्रेणी मिळते. त्यासाठी राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ठरवून दिलेले प्रशिक्षण लागते. खासगी परिषदेचे प्रमाणपत्र तिथे चालत नाही. पत्रकात 'आयएसएसएन क्रमांकाच्या अंकात लेख छापू' असेही ठळक लिहिले होते. हा क्रमांक म्हणजे नियतकालिकाची ओळख. आतला लेख चांगला आहे की नाही, हे तो क्रमांक सांगत नाही.

पत्रकातले वेळापत्रकही नीट वाचले. दुपारच्या तीन तासांत एकाच सभागृहात ३६ निबंध होते. १८० मिनिटांना ३६ ने भागले की प्रत्येकाला पाच मिनिटे येतात. त्यात प्रश्न कोण विचारणार आणि उत्तर कोण देणार? वाणिज्य, गृहविज्ञान, इतिहास आणि उर्दू हे सगळे एकाच सत्रात होते. निबंध पाठवल्यावर दुसऱ्याच दिवशी 'स्वीकारला' असे कळेल, असेही लिहिले होते. एका दिवसात तो वाचणार कोण? शेवटी आदल्या वर्षी जाऊन आलेल्या एका ओळखीच्या सरांना फोन केला. "जेवण कसं होतं?" असे न विचारता, "तिथलं ऐकून वर्गात काय बदललंत?" असे विचारले. सर थोडा वेळ गप्प राहिले आणि हसले. मी नोंदणी केली नाही.

याचा अर्थ घरात बसून राहावे असा नाही. माझी गरज काय, हे आधी कागदावर लिहिले. आमच्या सहावीतल्या मुलांची घरची बोली उर्दू आहे. त्यांना सहज वाचता येतील अशी मोठ्या अक्षरांची, चित्रांची मराठी पुस्तके मला हवी होती. जानेवारी २०२६ मध्ये, १ ते ४ तारखांना, साताऱ्यात ९९ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन होते. तिथे अनेक प्रकाशक एकाच ठिकाणी भेटणार होते. चारही दिवस राहायची मला गरज नव्हती. ३ तारखेला, शनिवारी, शाळेतला सावित्रीबाईंच्या जयंतीचा कार्यक्रम उरकून सुप्याहून एसटी धरली. महिलांना तिकीट अर्धे आहे. रात्री पुण्यात खालाजानकडे थांबले आणि रविवारी पहाटे साताऱ्याला निघाले. रजा एकही गेली नाही. जातानाच ठरवले होते की पुस्तकांवर १२०० रुपयांपेक्षा जास्त खर्चायचे नाहीत आणि निदान दोन भाषाशिक्षकांशी बोलायचे.

चूकही झाली. शेवटचा दिवस असल्याने दोन गाळ्यांवर मला हवी ती पुस्तके संपली होती. पुढच्या वेळी पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी जायचे, हे वहीत लिहून ठेवले. तरी १७ पुस्तके मिळाली. कोकणातल्या उर्दू शाळेच्या एक बाईही भेटल्या. मुलांकडून आधी उर्दूत गोष्ट सांगून घ्यायची आणि मग तीच मराठीत वाचायला द्यायची, ही त्यांची पद्धत मी आता वापरते. महिन्याभरात १७ पैकी १४ पुस्तके मुलांनी घरी नेली.

सगळाच लाभ असा मोजता येत नाही, हेही खरे. १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले. आपापल्या गावी एकटेच मराठीत लिहिणाऱ्याला तिथे आपल्यासारखे दुसरे भेटणे, याची किंमत कुठल्या वहीत मांडणार? पण तिथेही ओढ माणसांची होती, प्रमाणपत्राची नव्हती. म्हणून आता शुल्क भरण्यापूर्वी मी एवढेच लिहून काढते की तिथे मला कोण भेटणार आणि सोमवारी वर्गात मी वेगळे काय करणार. दोन्ही जागा कोऱ्या राहिल्या तर पैसे घरातच राहतात.

साताऱ्याहून परतल्यावर अम्मींनी पिशवी उघडून पाहिली. या वेळी त्यांनी काही विचारले नाही. एक चित्रांचे पुस्तक काढून घेतले आणि चष्मा लावून नातीला जवळ बोलावले.