साडेतीन सेकंदांची मुदत

मराठी चित्रफीत परदेशस्थ प्रेक्षकांपर्यंत पोहोचवावयाची म्हटली, म्हणजे निर्मात्याचे लक्ष प्रथम भाषांतराच्या अचूकपणाकडे जाते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु सबटायटल लिहिण्याच्या व्यवसायात दीर्घकाळ राहिल्यावर माझे मत असे झाले आहे, की या कामी अर्थापेक्षाही काकणभर अधिक अंमल काळाचा चालतो. बोलणारा थांबत नाही, चित्र थांबत नाही, आणि वाचणाऱ्याचा डोळा मात्र ठराविक गतीपलीकडे धावत नाही. इंग्रजी सबटायटलांसाठी ही गती, मोकळ्या जागा व विरामचिन्हे धरून, सेकंदाला सुमारे १७ अक्षरे मानण्याचा, एका ओळीत ४२ हून अधिक अक्षरे न घालण्याचा आणि एका वेळी दोनच ओळी दाखविण्याचा प्रघात आहे. काही ठिकाणी सेकंदाला २० अक्षरांपर्यंत मुभा असते. पण ज्यांना इंग्रजी ही परकी भाषा आहे, अशांसाठी लिहिताना मी ती मुभा घेत नाही.

पुरणपोळीच्या एका चित्रफितीचा दाखला घेऊ. पातेल्यातले पुरण घट्ट होत आले आहे आणि बाई सांगताहेत : ‘यात डाव उभा करायचा, हात सोडला तरी पडला नाही, की समजायचं पुरण झालं.’ एवढे बोलण्यास त्यांना साडेतीन सेकंद लागतात. शब्दाला शब्द ठेवून याचे इंग्रजी केले, तर अक्षरे शंभराहून अधिक होतात आणि वाचण्यास सहा-सात सेकंद हवेत. म्हणजे प्रेक्षक वाचीत असतानाच पुढील वाक्य येऊन थडकते, आणि पातेल्याकडे तर त्याने पाहिलेलेच नसते. तेव्हा काटछाट अपरिहार्य ठरते. मात्र काय गाळावे, याचा निवाडा चित्राकडे पाहून करावा : हात सुटतो हे डोळ्यांना दिसतच आहे, सबब ते लिहिण्याचे प्रयोजन नाही.

एवढ्याने काम संपत नाही. मराठी वाक्याचा निर्णय क्रियापदाबरोबर शेवटी येतो. सगळे वाक्य एकाच वेळी पडद्यावर उमटले, तर डावावरचा हात निघण्यापूर्वीच पुरण झाल्याची वार्ता वाचकास लागते, आणि त्या क्षणाची उत्कंठा व्यर्थ जाते. म्हणून एकाऐवजी दोन नोंदी कराव्या लागतात.

```
41
00:06:12,400 --> 00:06:14,150
Stand the ladle in the puran.

42
00:06:14,230 --> 00:06:15,900
If it stays up, it is done.
```

पहिल्या ओळीत २९ अक्षरे असून तिला पावणेदोन सेकंद मिळाले आहेत, दुसरीत २७ असून तिला त्याहून किंचित कमी. दोहोंच्या मध्ये दोन चौकटींची फट ठेवली आहे, कारण ती नसेल तर मजकूर बदलल्याचे डोळ्यास कळत नाही. दुसरी नोंद हात सुटतो त्या चौकटीवर बसविली आहे. ही नोंदवही चित्रापासून अलग, SRT फाइल म्हणून ठेवावी, असा माझा आग्रह आहे. चित्रातच कोरून टाकलेली अक्षरे पुढे पुसता येत नाहीत आणि त्यांच्यावरून फ्रेंच वा स्पॅनिश नोंदवही सिद्ध करण्याची सोयही उरत नाही.

सबटायटले बोलण्याशी जुळत नाहीत अशी तक्रार आली, की आरंभ आणि शेवट अशी दोन ठिकाणे तपासावीत. तफावत दोन्हीकडे सारखी असेल, तर आरंभी काही सेकंदांची भर वा घट झाली आहे, आणि सर्व नोंदी तितक्याच सरकविल्या की भागते. तफावत वाढत गेली असेल, तर गती निराळी आहे असे समजावे : सेकंदाला २५ चौकटींच्या प्रतीवर बेतलेल्या नोंदी २४ चौकटींवर मंद केलेल्या प्रतीला लावल्या, तर मूळच्या दहाव्या मिनिटाला त्या बोलण्याच्या २५ सेकंद पुढे निघून जातात. तेथे सरकवून उपयोग नाही; प्रत्येक वेळेस २५ ने गुणून २४ ने भागावे लागते.

डबिंगचा प्रश्न मात्र चित्रीकरणाच्या दिवशीच निकालात निघतो. युट्यूबवर २०२३ पासून एकाच चित्रफितीला अनेक भाषांतील ध्वनी जोडण्याची सोय येऊ लागली, आणि मराठी निर्मात्यांस ती आकर्षक वाटणे साहजिक आहे. परंतु बाईंचा आवाज, तव्याची चुरचुर आणि पार्श्वसंगीत ही तिन्ही एकाच पट्टीवर ध्वनिमुद्रित झाली असतील, तर मराठी आवाज काढताना स्वयंपाकघरच मुके होते. म्हणून गळ्याशी लावलेल्या माइकची पट्टी स्वतंत्र असावी, तव्याजवळच्या माइकची स्वतंत्र, आणि संगीत अखेरीस चढवावे. चेहरा जवळून दिसत असेल, तेथे प, ब, म या वर्णांना मिटणारे ओठ परभाषेतील वाक्यालाही त्याच जागी मिटवावे लागतात, आणि त्यापायी चांगली वाक्ये वाकवावी लागतात. पुरणपोळीच्या चित्रफितीत बहुतांश वेळ हातच दिसतात. तेथे परका आवाज केवळ साडेतीन सेकंदांची मुदत सांभाळतो आणि डाव उभा राहीपर्यंत पुढचे वाक्य रोखून धरतो, एवढे झाले तरी माझ्या लेखी डबिंग साधले.